वर्कशॉप झालं, फॉर्मवर ४.६ आले; पण फोनवरचं बोलणं बदललं का, हे कसं मोजायचं?

ऊर्मी_ट्रेनिंग

नमस्कार मंडळी. मी एका हेल्पलाइनच्या ट्रेनिंग विभागात काम करते. उपकरणं बिघडली की लोक आमच्याकडे फोन करतात. एकूण ४८ एजंट, ८-८ जणांच्या सहा टीम. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही त्यातल्या तीन टीमचं, म्हणजे २४ जणांचं, दोन दिवसांचं वर्कशॉप घेतलं. विषय होता, उपाय सांगण्याआधी ग्राहकाचं म्हणणं नीट समजून घेणं. उरलेल्या २४ जणांची बॅच अजून पाच आठवड्यांनी आहे.

फीडबॅक फॉर्म सुंदर आले. पाचपैकी सरासरी ४.६. 'खूप शिकायला मिळालं', 'असं ट्रेनिंग दरवर्षी व्हावं' वगैरे. मी ते घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी फॉर्म चाळले आणि शांतपणे विचारलं, "त्यांना आवडलं हे कळलं. आता फोनवर काय वेगळं ऐकू येतंय ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

वर्कशॉपच्या आधी आम्ही काहीच मोजलं नव्हतं. मग आता उशीर झालाय का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

सदाफुली

ऊर्मी, फॉर्ममध्ये प्रश्न बदलून बघ. 'ट्रेनिंग कसं वाटलं' असं विचारलं की सगळे छानच म्हणतात. त्याऐवजी 'उद्यापासून कोणती एक गोष्ट वेगळी कराल' असं विचार. आम्ही असे सात प्रश्न केलेत, हवे असतील तर इथेच टाकते.

ऊर्मी_ट्रेनिंग

आभार, सदाफुली. प्रश्न चांगला आहे, पुढच्या बॅचला वापरेनही. पण त्यातून त्यांचा इरादा कळेल. मला हवंय ते त्यांनी नंतर खरंच काय केलं.

दणकट

फॉर्म सोडा, निकाल बघा. त्याच तक्रारीसाठी ग्राहक पुन्हा फोन करतो का, किती करतो? तो आकडा खाली आला तर ट्रेनिंग चाललं, नाही आला तर नाही चाललं. शेवटी कंपनीला तेच हवं असतं. बाकी सगळा कागदी खेळ.

मोजमाप

ऊर्मीताई, सगळ्यात आधी एक गोष्ट आजच्या आज बघा. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात का, आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात? 'आधी काही मोजलं नव्हतं' असं तुम्ही म्हणता, पण वर्कशॉपच्या आधीचे कॉल साठवलेले असतील तर आधीची स्थिती आजही मोजता येईल. फार थोड्या कामांमध्ये अशी सोय असते.

दणकट यांच्या मुद्द्याबद्दल. पुन्हा येणारे फोन बघायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण तो आकडा ट्रेनिंगखेरीज दहा गोष्टींनी हलतो. सुटे भाग वेळेवर आले, दुरुस्तीवाल्यांची भरती झाली, एखादं खराब मॉडेल बंद झालं, तरी तो खाली येईल, मग एजंटनी बोलण्यात काहीही बदललेलं नसो. आणि उलटही होतं. एजंट उत्तम बोलायला लागले, पण सुटे भागच नाहीत, तर फोन येतच राहतील आणि तुम्ही चांगलं ट्रेनिंग वाया गेलं म्हणून बंद कराल. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये आवडणं, शिकणं, वागणं आणि निकाल असे चार टप्पे मांडले, त्यात वागणं हे निकालाच्या आधी वेगळं ठेवलंय ते याचसाठी. मधली कडी बघितली नाही, तर निकाल कशामुळे हलला हे सांगता येत नाही.

आता मला एक सांगा. वर्कशॉपमध्ये शिकवलेल्यापैकी अशी कोणती गोष्ट आहे, जी डोळे मिटून कॉल ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला 'केली' किंवा 'नाही केली' असं सांगता येईल? 'सहानुभूती वाढली' चालणार नाही. कानाला ऐकू येईल अशी गोष्ट हवी.

ऊर्मी_ट्रेनिंग

रेकॉर्डिंग आहेत! पण ४५ दिवसांनी आपोआप पुसली जातात. आत्ताच विचारलं. म्हणजे वर्कशॉपच्या आधीच्या दोन आठवड्यांचे कॉल पुसले जायला फार तर दहा दिवस आहेत. आजच आयटीला सांगून ते बाजूला काढून ठेवते.

आम्ही तीन गोष्टी शिकवल्या. उपाय सांगण्याआधी ग्राहकाची तक्रार आपल्या शब्दांत परत सांगायची आणि त्याच्याकडून 'हो, बरोबर' घ्यायचं. हो-नाहीत उत्तर संपणार नाही असा एक तरी प्रश्न विचारायचा. आणि फोन ठेवताना पुढे कोण काय केव्हा करणार ते सांगायचं. तिन्ही मोजू का?

मोजमाप

एक मोजा. पहिली. तिन्ही मोजायला गेलात तर ऐकणारे थकतात आणि तिन्ही मोजमापं सैल होतात. पहिली गोष्ट कॉलच्या सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत होते किंवा होत नाही, त्यामुळे सगळा कॉल ऐकायची गरज नाही.

बाकी तुमचं एक भाग्य आहे. दुसऱ्या बॅचचं ट्रेनिंग अजून व्हायचंय. त्या २४ जणांचेही आधीचे आणि आत्ताचे कॉल घ्या. तेही त्याच काळात, तेच फोन घेत होते. कंपनीत दुसरं काही बदललं असेल तर ते त्यांच्याही आकड्यात दिसेल. पहिल्या बॅचचा बदल किती आणि ट्रेनिंग न झालेल्यांचा किती, या दोन्हींतला फरक बघायचा. नुसतं आधी आणि नंतर बघितलंत तर सगळं श्रेय आपल्याकडे घ्याल.

नंतरचे कॉल आज घेऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहाचे असतात. दुसऱ्या बॅचच्या अगदी आधीचे दोन आठवडे घ्या, म्हणजे पहिल्या बॅचला सहा-सात आठवडे झालेले असतील.

वॉर्ड_सात

मी नर्स आहे, त्यामुळे फोनचं मला माहीत नाही, पण आमच्याकडे जे झालं ते सांगते. हात स्वच्छ करण्याचं ट्रेनिंग झालं. जागतिक आरोग्य संघटनेचे ते पाच क्षण असतात ना, रुग्णाला हात लावण्याआधी, नंतर वगैरे, तेच. महिन्याभरानं एक बाई वही घेऊन वॉर्डात उभ्या राहून मोजायच्या. आकडा ९० टक्क्यांच्या वर. सगळे खूश.

मग आमच्या सिस्टरनी स्टोअरमधून हँडरबच्या बाटल्यांचा हिशेब मागवला. ट्रेनिंगच्या आधी महिन्याला जेवढ्या बाटल्या लागायच्या, नंतरही जवळपास तेवढ्याच लागत होत्या. रुग्णसंख्याही तेवढीच. वहीवाल्या बाई दारात दिसल्या की आमचे हात आपोआप बाटलीकडे जायचे. मीही तशीच वागले आहे. खोटेपणा म्हणून नाही, त्या दिसल्या की आठवायचं, एवढंच. बाटल्या मात्र रात्री तीन वाजताचंही सांगतात.

तेव्हा ऊर्मी, कोणी शेजारी बसून ऐकतंय हे एजंटला कळता कामा नये असं मला वाटतं.

मोजमाप

वॉर्ड_सात, तुमची बाटली लाख मोलाची. कामातून आपसूक मागे राहणारी खूण सापडली तर ती उभ्या निरीक्षकापेक्षा बरी. आधीचे कॉल तर कोणी मोजणार आहे हे कोणालाच माहीत नसताना झालेले आहेत.

हेडफोन

मी हेल्पलाइनवर एजंट आहे, दुसऱ्या कंपनीत. तुम्ही सगळे कॉल गुपचूप ऐकायचं ठरवताय, पण ज्याचा कॉल ऐकला जाणार त्याला विचारलं का? आमच्याकडे 'फक्त ट्रेनिंगसाठी' म्हणून असंच ऐकलं होतं आणि दोन महिन्यांनी तेच मार्क वार्षिक मूल्यमापनात आले. माझ्या शेजारच्या मुलीची बढती त्यात गेली. त्यानंतर कोणत्याही ट्रेनिंगला कोणी मनापासून बसलं नाही.

ऊर्मी_ट्रेनिंग

हेडफोन, तुमचं वाचून मी थांबले. आमच्याकडे रेकॉर्डिंग होतात हे एजंटना माहीत आहे, पण कशासाठी वापरणार हे सांगायला हवं. आज सहाही टीमना लेखी कळवलं की जुन्या आणि पुढच्या काही कॉलची यादृच्छिक निवड करून वर्कशॉप तपासणार आहोत, माणसं नाही. कोणत्या आठवड्यांतले कॉल आणि कोणती गोष्ट, ते सांगितलं नाही. नाव कोणत्याही टीम लीडरला जाणार नाही, आणि साहेबांना टीमच्या खालचा आकडा मिळणार नाही. साहेबांनी सही केली आहे.

हेडफोन

सही केली हे चांगलं. पण आता 'पुढचे काही कॉल ऐकणार' हे माहीत असल्यावर लोक सावध होतील ना?

मोजमाप

होतील, थोडेसे. पण दोन्ही बॅच सारख्याच सावध होतील, आणि आपण बघतोय तो दोघींमधला फरक. माणसांना अंधारात ठेवून मिळालेल्या स्वच्छ आकड्यापेक्षा हा मला बरा वाटतो.

आता कॉल कसे निवडायचे. प्रत्येकाचे आधीचे तीन आणि नंतरचे तीन. ४८ गुणिले ६, म्हणजे २८८ कॉल. ऐकून खूण करायला प्रत्येकी चार मिनिटं धरली तर सगळे मिळून १९ तास, दोघांत वाटले तर प्रत्येकी साडेनऊ. निवड टीम लीडरकडे देऊ नका, तो चांगले कॉल देईल. चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाकडून काढा. आणि जिथे ती गोष्ट करायची संधीच नव्हती असे कॉल वगळा. कोणी फक्त 'माझा माणूस कधी येणार' विचारायला फोन केला तर तिथे तक्रार परत काय सांगणार? तो 'नाही केली'मध्ये धरलात तर उगाच आकडा पडेल.

ऐकणारे दोघं वर्कशॉपला न गेलेले हवेत, आणि तुम्ही तर त्यात नकोच. फाइलींची नावं बदलून ००१ ते २८८ करा, कोणती कुठली ती यादी तिसऱ्याकडे. ऐकणाऱ्याला हा कॉल आधीचा की नंतरचा हे कळलं की त्याचा कान बदलतो. प्रामाणिक माणसाचाही बदलतो.

दणकट

एवढं सगळं? त्यापेक्षा टीम लीडरला विचारा ना, 'तुमच्या माणसांत फरक पडला का'. रोज शेजारी बसतात ते.

मोजमाप

विचारा, पण मोजमाप म्हणून नको. कोणाला ट्रेनिंगला पाठवलं होतं हे लीडरला माहीत असतं, आणि आठ जणांची दोन दिवसांची अनुपस्थिती त्यानंच सोसलेली असते. फरक पडलेला दिसावा असं त्याला वाटणारच. एजंटच्या स्वतःच्या मार्कांची तर गंमतच असते. वर्कशॉपच्या आधी 'मी नीट ऐकतो' याला पाचपैकी चार देतात आणि नंतर तीन, कारण नीट ऐकणं म्हणजे काय हे त्यांना वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा कळलेलं असतं. तो घसरलेला आकडा बघून कोणी ट्रेनिंगला नावं ठेवली तर ते चूक ठरेल.

ऊर्मी_ट्रेनिंग

(दहा दिवसांनी)

क्वालिटीमधले दोन सहकारी तयार झाले. खरे कॉल सुरू करण्याआधी २८८ च्या बाहेरचे ३० कॉल दोघांना वेगवेगळे ऐकायला दिले, फक्त त्यांचं जुळतंय का बघायला. ३० पैकी २१ कॉलवरच जुळलं. मला वाटलं होतं ही गोष्ट अगदी सरळ आहे!

मग तिघांनी बसून न जुळलेले नऊ कॉल ऐकले. त्यातला एक लिहिते. ग्राहक म्हणाल्या, "सकाळपासून तिसऱ्यांदा मशीन बंद पडलंय, आणि काल तुमचा माणूस येऊन बघून गेला होता." एजंट म्हणाला, "अच्छा, मशीन बंद पडलंय. बरं, प्लग काढून पाच मिनिटांनी लावा." एका सहकाऱ्यानं याला 'केली' दिलं, कारण तक्रार परत सांगितली. दुसऱ्यानं 'नाही' दिलं. मला दुसऱ्याचं पटलं. 'काल माणूस येऊन गेला' हेच तर त्या बाईंचं खरं म्हणणं होतं, आणि तेच हरवलं. दुसऱ्या एका कॉलमध्ये एजंट म्हणाली, "म्हणजे काल दुरुस्ती होऊनही आज तीनदा बंद पडलं. बरोबर ना?" आणि थांबली. पलीकडून आधी एक श्वास आला आणि मग, "हो, तेच म्हणतेय मी."

त्यावरून नियम लिहिला. तक्रारीबरोबर ग्राहकानं सांगितलेला निदान एक तपशील यायला हवा, मग उत्तरासाठी थांबायला हवं, आणि हे सगळं पहिल्या उपायाच्या आधी. तिन्ही असेल तरच 'केली'. नवे ३० कॉल दिले, आता २७ जुळले.

मोजमाप

त्या नऊ कॉलनी तुम्हाला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त शिकवलं असेल. तो नियम पुढच्या वर्कशॉपमध्येही वापरा, शिकवणाऱ्यांच्या मनातही तो इतका स्पष्ट होता का ते बघा.

२७ पैकी किती 'केली' आणि किती 'नाही'?

ऊर्मी_ट्रेनिंग

दोघांचं 'केली' ८, दोघांचं 'नाही' १९. उरलेल्या तिनांत एकानं दोनदा 'केली' दिलं, दुसऱ्यानं एकदा.

मोजमाप

म्हणजे एकाचे १० 'केली', दुसऱ्याचे ९. दोघं कॉल न ऐकताच याच प्रमाणात खुणा करत बसले असते तरी सुमारे ५७ टक्के जुळलं असतं. म्हणून ९० टक्के हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. असं योगायोगानं जुळणं वजा करून मोजणारा, जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कप्पा काढला तर सुमारे ०.७७ येतो. या कामाला पुरेसा आहे, पुढे जा.

ऊर्मी_ट्रेनिंग

(दोन महिन्यांनी)

मंडळी, आकडे आले. दुसरी बॅच लांबली, ती अजून झालेली नाही. साहेबांच्या आधी इथे लिहितेय, कारण मला स्वतःला ते पूर्ण समजायचेत.

ट्रेनिंग झालेल्या २४ जणांचे आधीचे ७२ कॉल, त्यात २२ मध्ये 'केली', म्हणजे ३१ टक्के. नंतरच्या ७२ मध्ये ४१, म्हणजे ५७ टक्के. ट्रेनिंग न झालेल्यांचे आधी ७२ पैकी २४, म्हणजे ३३ टक्के, आणि नंतर ३२, म्हणजे ४४ टक्के.

पहिली बॅच २६ अंकांनी वर गेली आणि मी खुर्चीतून उठलेच. मग दुसरी ओळ वाचली. न शिकता तेही ११ अंकांनी वर! म्हणजे आपल्या वाट्याला साधारण १५.

दणकट

१५ पण वाईट नाहीत. पण खरं सांगू, मी असतो तर २६ सांगून मोकळा झालो असतो. हे मला आधी पटलं नव्हतं, आता पटलं.

मोजमाप

१५ वर एकदम हात ठेवू नका. ७२ कॉल म्हणजे ७२ वेगवेगळे पुरावे नाहीत, एकाच माणसाचे तीन कॉल एकमेकांसारखे असतात. माणसागणिक मोजा, किती जण वाढले, किती तिथेच, किती घसरले.

आणि न शिकलेले का वाढले ते शोधा. पहिल्या बॅचशेजारी बसून ऐकून शिकले असतील तर १५ हा आकडा कमी आहे, कारण ट्रेनिंगचा थोडा परिणाम त्यांच्यातही गेलाय. पण त्या काळात दुसरंच काही बदललं असेल तर १५ ठीक आहे.

ऊर्मी_ट्रेनिंग

माणसागणिक: पहिल्या बॅचमध्ये १३ वाढले, ८ तिथेच, ३ घसरले. दुसऱ्या बॅचमध्ये ९ वाढले, १२ तिथेच, ३ घसरले.

न शिकलेल्यांचं कोडं अर्धंच सुटलं. सगळे एकाच हॉलमध्ये बसतात, तेव्हा कानावर पडलं असणारच. पण त्याच काळात तक्रार नोंदवायच्या स्क्रीनवर 'तक्रार ग्राहकाच्या शब्दांत' असा रकाना सक्तीचा झाला, हे मला आत्ता कळलं. तो भरायचा म्हणून काहीजण परत विचारत असतील. दोन्हींपैकी काय, हे कसं वेगळं करायचं ते सुचत नाही.

मोजमाप

बहुतेक करताच येणार नाही. तसंच लिहा. १५ हा अंदाज आहे, आणि तो कुठल्या बाजूला चुकू शकतो हे आपल्याला माहीत आहे.

तळटीप

उशिरा येतोय, पण एक विचारू? पहिल्या बॅचला या तीनच टीम का निवडल्या?

ऊर्मी_ट्रेनिंग

ज्यांच्याबद्दल मागच्या तिमाहीत सगळ्यात जास्त तक्रारी होत्या त्या तीन टीम आधी घेतल्या. आता त्यांच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्यात. ते साहेबांना सांगायचं ठरवलंय, पहिल्याच पानावर.

तळटीप

तिथे थांबा. सगळ्यात वाईट तिमाही बघून टीम निवडली, की पुढची तिमाही बहुतेक वेळा बरीच निघते, काही न करताही. वाईट तिमाहीत थोडं दुर्दैवही मिसळलेलं असतं आणि ते दर वेळी येत नाही. त्या टीमच्या आधीच्या दोन-तीन तिमाही बघा. त्या नेहमीच वर होत्या, की त्याच वेळी?

ऊर्मी_ट्रेनिंग

बघितलं. एक टीम नेहमीच वर आहे. दोन टीम फक्त त्याच तिमाहीत वर होत्या. पहिलं पान काढून टाकलं. कॉलवरचा आकडा मात्र ठेवतेय, कारण टीम त्या सवयीवरून निवडल्या नव्हत्या, आणि आधीचे ३१ आणि ३३ जवळजवळ सारखेच आहेत.

तळटीप

ठेवा, पण मला तो पूर्ण निर्दोष वाटत नाही. जास्त तक्रारी येणाऱ्या टीमवर त्या काळात लीडरचं लक्षही जास्त असतं.

मोजमाप

हा मुद्दा योग्य आहे. ऊर्मीताई, टीमवार फोडून बघा, आणि ज्यांचं सगळ्यात जास्त बदललं आणि ज्यांचं अजिबात नाही अशा मोजक्या लोकांशी बोला. सरासरी माणसाशी बोलून फार हाती लागत नाही, टोकांशी बोलल्यावर कारण कळतं.

ऊर्मी_ट्रेनिंग

(आठवड्यानं)

पहिल्या बॅचच्या तीन टीममध्ये एकूण १९ 'केली' वाढल्या होत्या. एका टीममध्ये १२, दुसरीत ६, तिसरीत फक्त १.

नावं फोडायची नाहीत म्हणून लीडरला न विचारता, प्रत्येक टीममधल्या जे स्वेच्छेनं आले त्यांच्याशी बोलले. १२ वाल्या टीमची लीडर आठवड्यातून प्रत्येकाचा एक कॉल त्याच्याबरोबर बसून ऐकते आणि एकच विचारते, "ग्राहकाचं म्हणणं तू परत कुठे सांगितलंस?" कोणी तिला सांगितलं नव्हतं, वर्कशॉपमधून येऊन तिनं स्वतःच सुरू केलं.

तिसऱ्या टीममधली मुलगी म्हणाली, "ताई, पहिले तीन दिवस मी केलं. ग्राहक शांत व्हायचे, मला बरं वाटायचं. पण एका कॉलला वीसेक सेकंद जास्त लागायचे. आमच्या लीडरचा बोर्ड आहे, सरासरी कॉल वेळेचा, दर दोन तासांनी बदलतो. चौथ्या दिवशी माझं नाव लाल झालं. मग सोडून दिलं." तिला सगळं येतं. माझ्यासमोर करूनही दाखवलं, अगदी सुंदर. ती कॉलवर करत नाही, कारण केलं की ती बोर्डवर चुकीची ठरते. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मी तिला दोन दिवस शिकवत होते आणि तिची खुर्ची तिला दोन तासांत उलट शिकवत होती.

हेडफोन

हे वाचून मला माझा बोर्ड आठवला. तिला सांगा, ती एकटी नाही.

दणकट

मग १२ वाल्या टीममध्ये वाढ वर्कशॉपनं झाली की लीडरनं? लीडरनंच आठवड्याला बसून घेतलं असतं तर वर्कशॉपची गरज काय?

मोजमाप

प्रश्न खरा आहे, आणि या आकड्यांतून त्याचं उत्तर निघत नाही. लीडर होती पण वर्कशॉप नव्हतं अशी टीम आपल्याकडे नाही. दुसऱ्या बॅचमध्ये ती व्यवस्था करता येईल. ट्रेनिंगच्या आधी चार आठवडे एका टीमच्या लीडरला तो एकच प्रश्न विचारायला सांगा, बाकी दोन टीममध्ये काही नको. एकेका टीमचं मोजमाप लहान असेल, त्यामुळे मोठा दावा करू नका, पण दिशा दिसेल.

सदाफुली

मी सुरुवातीला फॉर्म सुधारा म्हणाले होते. ४.६ तिन्ही टीमचा मिळून होता का? तिसऱ्या टीमचा फॉर्म कसा होता?

ऊर्मी_ट्रेनिंग

सदाफुली, तुमच्यामुळे फॉर्म काढून बघितले. तिसऱ्या टीमचा ४.७, तिघींत सगळ्यात जास्त.

दुसरी बॅच आणखी चार आठवडे पुढे ढकलली आहे, एका टीमच्या लीडरबरोबर मोजमाप म्हणतात तसं सुरू करतेय. त्यांचे आत्ताचे कॉल बाजूला काढून ठेवलेत, पुसले जाणार नाहीत. बोर्डचं काय करायचं यावर साहेबांशी सोमवारी बसतेय. कॉल वेळेचा आकडा त्यांनाही वर द्यावा लागतो, त्यामुळे तो जाईल असं वाटत नाही. निदान दर दोन तासांऐवजी आठवड्याला दाखवा, एवढं मागणार आहे. त्यातून त्या टीमचं १ चं काही होतं का, ते तीन महिन्यांनी इथेच लिहीन.